बॅट कुठून निघाली? साइडस्पिन सर्व्हिसमागची नव्वद वर्षं

धरमपेठेतल्या ज्या हॉलमध्ये आम्ही संध्याकाळी टेबल टेनिस खेळतो, तिथे गेल्या महिन्यात एक तेरा वर्षांची मुलगी सराव सामन्यात एकाच मुलाच्या सर्व्हिसवर तीन गुण हरली. मुलगा उजव्या हाताचा, बॅकहँडच्या कोपऱ्यात उभा राहून पेंड्युलम सर्व्हिस करणारा. पहिली सर्व्हिस तिने पुश केली, म्हणजे बॅट चेंडूखालून सरकवून परत ढकलली, चेंडू छातीएवढा उडाला आणि त्याने तो स्मॅश केला. दुसरी तिने फ्लिक केली, म्हणजे मनगटाच्या झटक्याने मारली, ती जाळीत गेली. तिसऱ्या वेळी तिने घाबरून बॅट नुसती पुढे धरली, तर चेंडू तिच्या उजवीकडून टेबलाबाहेर.

"सर, तिन्ही वेळा त्यानं सेमच केलं," ती रडवेली होऊन म्हणाली.

बाजूला आमचे एक जुने खेळाडू उभे होते. त्यांना सगळे भाऊ म्हणतात. ते म्हणाले, "सेम नव्हतं बेटा. तू नुसती चेंडूकडे पाहून राहिली होतीस. त्याच्या बॅटकडे पाह."

त्या एका वाक्यात जे आहे ते शिकायला मला काही वर्षं लागली. आज रिसीव्ह करणाऱ्याला समोरच्याची बॅट दिसते, ती कोणत्या रंगाची आहे ते कळते, चेंडू बॅटला लागतो तो क्षणही दिसायला हवा असा नियम आहे. पण यातलं काहीच सुरुवातीपासून नव्हतं. टेबल टेनिसमध्ये सर्व्हिसचे नियम जसजसे बदलत गेले, त्याचा इतिहास म्हणजे रिसीव्ह करणाऱ्याला काय दिसू द्यायचं याचाच इतिहास आहे.

१९३०च्या दशकात बॅटवर साधं पिंपल्सचं, म्हणजे बारीक उंचवट्यांचं, रबर असायचं, स्पंज नव्हता. बॅटने फार फिरकी देता येत नव्हती, म्हणून अमेरिकन खेळाडूंनी बोटांनीच चेंडू फिरवायला सुरुवात केली. सोल शिफ त्यात सगळ्यांत प्रसिद्ध. चेंडू बोटांत पिळून सोडायचा आणि फिरत असतानाच मारायचा. समोरच्याला बॅट कितीही नीट दिसली तरी उपयोग नव्हता, कारण फिरकी हातातच जन्माला यायची. त्या दशकाच्या अखेरीस यावर बंदी आली. आज सर्व्हिसच्या आधी चेंडू उघड्या, सपाट तळहातावर स्थिर ठेवावा लागतो आणि तो न फिरवता किमान १६ सेंटिमीटर वर टाकावा लागतो. नव्या मुलांना हा नियम नुसता शिस्तीचा वाटतो. पण तो फिरकीचा उगम बॅटपुरता मर्यादित ठेवण्यासाठी आहे, म्हणजे ज्या जागी डोळे लावून बसता येतं त्या एकाच जागी.

पुढचा धक्का मुंबईत बसला. १९५२ची जागतिक स्पर्धा मुंबईत झाली. (तेव्हा आपलं नागपूर मध्य प्रदेशाची राजधानी होतं.) जपानचे हिरोजी सातो जाड स्पंजची बॅट घेऊन आले आणि एकेरीचं विजेतेपद घेऊन गेले. समोरच्यांचा घोटाळा वेगाने जितका केला तितकाच शांततेने केला. साध्या रबरावर चेंडू लागला की टक असा आवाज यायचा आणि फटका किती जोरात बसला हे कानालाच कळायचं. स्पंजने तो आवाज गिळला. १९५९मध्ये बॅटवर काय चालेल याची मर्यादा ठरली: स्पंज आणि रबर एकत्र चालेल, पण एकूण जाडी ४ मिलिमीटरच्या आत. त्या सँडविच रबराने चेंडूला घट्ट पकडून घासता येऊ लागलं, आणि सर्व्हिस म्हणजे खेळ सुरू करण्याची रीत न राहता गुण मिळवण्याचं हत्यार झाली. १९७३च्या जागतिक स्पर्धेत चीनच्या शू शाओफा यांनी चेंडू डोक्याच्याही खूप वर फेकून सर्व्हिस केली. उंचावरून खाली येणारा चेंडू वेगात असतो, त्यामुळे त्याच घासण्यात जास्त फिरकी निघते, शिवाय रिसीव्ह करणाऱ्याची नजर वर जाते आणि नेमक्या क्षणी बॅटवरून हटते.

आवाजाचा मुद्दा इथे परत येतो. १९७०च्या दशकाच्या शेवटी काही खेळाडू बॅटच्या एका बाजूला चिकट रबर आणि दुसऱ्या बाजूला फिरकी न घेणारं अँटी रबर लावू लागले, दोन्ही एकाच रंगाचे. हातात बॅट फिरवून सर्व्हिस केली की कोणती बाजू लागली ते डोळ्यांना कळत नसे. दोन रबरांचा आवाज मात्र वेगळा येतो. म्हणून चेंडू लागतो त्याच क्षणी जमिनीवर जोरात पाय आपटायचा, म्हणजे आवाजही बुडाला. चीनचे त्साय चेन-ह्वा अशाच बॅटने १९८१ आणि १९८३ या दोन्ही जागतिक स्पर्धांच्या एकेरीच्या अंतिम फेरीत गेले. १९८३नंतर दोन बाजूंना वेगळे रंग सक्तीचे झाले आणि १९८६पासून एक बाजू काळी, एक लाल असं ठरलं. २०२१पासून लालच्या जागी आणखी काही रंग चालतात, पण काळा आहेच.

मी खेळायला लागलो तेव्हा रंग आलेले होते, तरी पुढची एक गोष्ट राहिली होती, आणि तिचा मला अजूनही राग आहे. पेंड्युलम करताना अंग वळवून, चेंडू वर टाकलेला हात तसाच समोर ठेवून, चेंडू बॅटला लागतो ती जागा शरीराआड झाकायची. त्या काळी हे नियमात बसत होतं. मी एका सामन्यात पाचच्या पाच सर्व्हिस अशा रिसीव्ह केल्या की मला फक्त त्या माणसाचा दंड दिसला. २००२मध्ये यावर नियम आला: सर्व्हिस सुरू झाल्यापासून फटका बसेपर्यंत चेंडू रिसीव्ह करणाऱ्याला दिसलाच पाहिजे, आणि चेंडू वर गेला की मोकळा हात मधून काढून घेतला पाहिजे. त्याआधी २०००मध्ये चेंडू ३८ मिलिमीटरचा ४० मिलिमीटर झाला होता. मोठा चेंडू फिरवायला जड जातो आणि हवेत लवकर मंदावतो. २००१मध्ये गेम २१ऐवजी ११ गुणांचा झाला, आणि त्यात रिसीव्ह करणाऱ्याचं थोडं नुकसानही झालं. पूर्वी समोरच्याच्या सलग पाच सर्व्हिस बघायला मिळायच्या. आता दोन झाल्या की सर्व्हिस दुसऱ्याकडे जाते, आणि सर्व्हिस वाचायला शिकेपर्यंत गेम अर्धा संपतो.

म्हणजे त्या मुलीला आज सगळं दिसतंय, तरीही तीन गुण गेले. का, ते तिच्याच तीन चेंडूंवरून बघू.

पेंड्युलममध्ये बॅटचं डोकं खाली लटकतं आणि घड्याळाच्या लंबकासारखी बॅट कमानीत जाते. आधी खाली, मग तळाशी आडवी, मग वर. करणारा उजव्या हाताचा असेल तर ती त्याच्या उजवीकडून डावीकडे जाते, म्हणजे समोरून बघणाऱ्याला डावीकडून उजवीकडे. कमान एकच, पण चेंडू कमानीत कुठे लागतो त्यावर सगळं ठरतं. बॅट अजून खाली उतरत असताना लागला तर साइडस्पिनसोबत, म्हणजे आडव्या फिरकीसोबत, बॅकस्पिन, म्हणजे मागच्या दिशेची फिरकी. तळाशी लागला तर जवळपास शुद्ध साइडस्पिन. बॅट वर चढायला लागल्यावर लागला तर साइडस्पिनसोबत टॉपस्पिन, म्हणजे पुढच्या दिशेची फिरकी. चेंडू बॅटला जेमतेम सेकंदाचा हजारावा भाग टेकतो. तो क्षण कुणालाच दिसत नाही. दिसते ती त्याच्या आधीची आणि नंतरची बॅटची दिशा. तरबेज सर्व्हिस करणारा नंतरची दिशा खोटी करतो, बॅकस्पिन देऊन झाल्यावर बॅट झटकन वर उचलतो. म्हणून आधीची दिशा जास्त विश्वासाची.

तिचा पहिला चेंडू चढत्या बॅटचा होता. टॉपस्पिनला पुश केलं की तो उडणारच. दुसरा उतरत्या बॅटचा, बॅकस्पिन असलेला, त्याला सपाट फ्लिक केलं की तो जाळीत. तिसरा तळाचा. तिथे ती ज्या गोष्टीत फसली त्यात बहुतेक जण फसतात, म्हणून जरा थांबून सांगतो.

या सर्व्हिसचा चेंडू हवेत रिसीव्ह करणाऱ्याच्या डावीकडे, म्हणजे बॅकहँडकडे वळत येतो. पण बॅटला लागला की उजवीकडे उसळतो. दोन्ही एकाच फिरकीने होतं. वरून पाहिलं तर चेंडू घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतोय. हवा त्याला एका बाजूला ढकलते, आणि रबर त्याच्या समोरच्या पृष्ठभागाला पकडून दुसऱ्या बाजूला फेकतं. डावीकडे वळणारा चेंडू पाहून मुलं तो डावीकडेच जाईल असं धरतात आणि बॅट आणखी उजवीकडे वळवतात. मग तो बाहेर जाणारच. भाऊंचा उपाय साधा आहे: त्याची बॅट जिथून निघाली, तिकडे परत मार. तिच्या बाबतीत म्हणजे तिच्या डावीकडे. उलट्या पेंड्युलमला, जिथे बॅट आतून बाहेर जाते, हेच उलट लागू होतं, आणि नियम तोच राहतो.

बॅट नीट दिसली नाही तर चेंडूचा प्रवास उरतो. आपल्या बाजूला टप्पा पडल्यावर बॅकस्पिन असलेला चेंडू रेंगाळतो, टॉपस्पिनचा अंगावर चाल करून येतो. शुद्ध साइडस्पिन टप्प्यावर फारसा आडवा उसळत नाही, त्याचं वळण हवेतच दिसतं. चेंडूवर छापलेला शिक्का वाचता येत असेल तर फिरकी जवळपास नाहीच. तो धूसर रेघ झाला असेल तर भरपूर आहे. अडचण एवढीच की हे टप्प्यानंतर कळतं आणि तेव्हा हातात फार वेळ नसतो. बॅट आधी सांगते, चेंडू ते पक्कं करतो.

आणि आपल्या गावात एक गोष्ट बॅटही खोटी पाडते. मे महिन्यात हॉलमध्ये कूलर लागतात, जुलैत पावसाची दमट हवा असते. दोन्हीत रबरावर बाष्प बसतं आणि चेंडू पकडला न जाता सटकतो. सर्व्हिस करणाऱ्याची कमान अचूक असते, तुम्ही ती अचूक वाचता, बॅकस्पिन समजून उचलून मारता आणि चेंडू टेबलाच्या पार जातो, कारण त्यात फिरकी नव्हतीच. त्याची खूण शिक्क्यातच मिळते. कूलरचा झोत टेबलावर येत असेल तर हलकंसं वळणही हवेचंच असू शकतं. म्हणून सामन्याआधी आम्ही कूलर बंद करायला लावतो, घामाने ओले झालो तरी.

पुढच्या आठवड्यात ती मुलगी त्याच मुलासमोर उभी राहिली. त्याने बॅट उतरवत सर्व्हिस केली आणि मग मुद्दाम वर उचलली. तिने त्या उचलण्याकडे लक्ष दिलं नाही, बॅट उघडी धरून तिच्या डावीकडे आखूड पुश केला. चेंडू जाळीलगत पडला. मुलगा पुढे धावला, पण दुसरा टप्पा पडून गेला होता. भाऊ काही बोलले नाहीत, नॅपकिन पुढे करून तिला रबर पुसायला लावलं, कारण त्या दिवशी सकाळपासून पाऊस लागला होता.