पार्कर ५१ : दांड्यावरचा आकडा, आत दडलेली निब आणि शाई भरण्याच्या दोन पद्धती

जुन्या फाउंटन पेनांच्या व्यवहारात पार्कर ५१ इतके वारंवार समोर येणारे पेन क्वचितच असेल आणि चुकीचे वर्ष सांगून विकले जाण्याचे प्रकारही याच पेनाच्या बाबतीत बरेच घडतात. हे पेन १९४१ मध्ये अमेरिकेत बाजारात आले आणि १९७२ पर्यंत त्याचे उत्पादन चालू राहिले. इतक्या दीर्घ काळात त्याची बाह्य आकृती फारशी बदलली नाही. त्यामुळे टोपण लावलेले पेन दुरून पाहून त्याचे वय सांगता येत नाही. ते ओळखायचे तर पेन असे का घडले, हे आधी समजून घ्यावे लागते.

पार्कर कंपनीची स्थापना १८८८ मध्ये झाली. १९३९ हे तिचे एक्कावन्नावे वर्ष होते, त्यावरून नव्या पेनाला हा आकडा मिळाला. मूळ अडचण शाईची होती. कागदावर पडताच वाळणारी शाई कंपनीला हवी होती, पण अशी शाई उघड्या निबवरही तितक्याच लवकर वाळते आणि पेन लिहिताना अडखळते. म्हणून निब पुढच्या आवरणाखाली झाकली गेली व तिचे फक्त टोक बाहेर ठेवण्यात आले. ही शाई तीव्र अल्कधर्मी असल्याने त्या काळच्या पेनांमध्ये सर्रास वापरल्या जाणाऱ्या सेल्युलॉइडला ती मानवणारी नव्हती, त्यामुळे दांडा ल्युसाइट या ॲक्रिलिक प्लास्टिकचा करण्यात आला. याचा लाभ आजच्या संग्राहकाला होतो. पार्करच्याच १९३३ च्या व्हॅक्युमॅटिक पेनाचे पारदर्शक पट्टे कालांतराने पिवळे-तपकिरी पडतात, तर ५१ चा दांडा ऐंशी वर्षांनंतरही मूळ रंग टिकवून असतो. मात्र ॲक्रिलिकला अल्कोहोल चालत नाही. स्पिरिटने पुसलेल्या दांड्यावर बारीक भेगांचे जाळे उमटते आणि ते पुन्हा नाहीसे करता येत नाही.

शाई भरण्याची पद्धत ही या पेनाच्या इतिहासातील सर्वांत उपयोगी खूण आहे. १९४१ पासून १९४८ पर्यंतच्या अमेरिकी पेनांत व्हॅक्युमॅटिक यंत्रणा होती. मागची छोटी टोपी फिरवून काढली की स्प्रिंगवरचा दट्ट्या दिसतो आणि त्याला आत रबराचा पडदा जोडलेला असतो. दट्ट्या दाबला की पडदा पुढे सरकून दांड्यातील हवा निबवाटे बाहेर ढकलतो व सोडला की मागे येताना शाई आत ओढतो. आतल्या बारीक नळीचे टोक शाईच्या वर राहत असल्याने पुढच्या दाबाला मुख्यतः हवाच बाहेर पडते, आत आलेली शाई तशीच राहते. म्हणून हे पेन एका दाबात भरत नाही, आठ-दहा वेळा दाबावे लागते. १९४८ मध्ये आलेल्या एअरोमेट्रिक पद्धतीत दट्ट्या व पडदा दोन्ही गेले. दांड्याचे मळसूत्र सोडवले की धातूच्या आवरणातील मऊ पारदर्शक पिशवी आणि ती दाबण्याची पट्टी दिसते, शिवाय आवरणावर भरण्याच्या सूचना कोरलेल्या असतात. ही पिशवी इतकी टिकाऊ आहे की कित्येक पेनांत ती आजही बदलावी लागत नाही. रबरी पडदा मात्र कडक होऊन फाटतोच, त्यामुळे व्हॅक्युमॅटिकच्या किमतीत दुरुस्तीचा खर्च धरलाच पाहिजे.

वर्ष शोधण्याची रीत साधी आहे. व्हॅक्युमॅटिक ५१ च्या दांड्यावर निर्मितीच्या बारीक अक्षरांपाशी एक आकडा असतो आणि तो दशकातील वर्ष सांगतो. हे पेन १९४१ आधी विक्रीस नव्हते, त्यामुळे दशकाविषयी संशय उरत नाही. आकड्याभोवतीचे ठिपके तिमाही दाखवतात : तीन ठिपके म्हणजे पहिली, दोन म्हणजे दुसरी, एक म्हणजे तिसरी आणि ठिपका नसला तर चौथी. दर तिमाहीला नवा ठसा करण्याऐवजी असलेल्या ठशावरचा एकेक ठिपका काढून टाकला जाई. पेन घासून चमकवले असेल तर ठिपका पुसट होतो आणि तिमाही पुढची वाटते, वर्ष मात्र सहसा वाचता येते.

माझ्या हाती आलेल्या एका काळ्या पेनाच्या चिठ्ठीवर '१९४१, पहिले वर्ष' असे लिहिले होते. पुरावा म्हणून दोन्ही टोकांना असलेले मणी दाखवले गेले, कारण पहिल्या वर्षाच्या पेनांना दोन्हीकडे मणी असत. दहापट भिंगाखाली आकडा सहा निघाला आणि त्याच्या शेजारी एक ठिपका होता, म्हणजे हे पेन १९४६ च्या तिसऱ्या तिमाहीतले होते. मणी प्लास्टिकचे होते, तर पहिल्या वर्षाचे मणी ॲल्युमिनियमचे असतात. दट्ट्याही ॲल्युमिनियमचा नसून युद्धकाळात रूढ झालेला प्लास्टिकचा होता. मागची टोपी आणि दांडा यांच्या सांध्यावरून नख फिरवले तेव्हा किंचित पायरी लागली आणि तिरप्या उजेडात दोहोंची चकाकीही वेगळी दिसली. माझ्या मते ती टोपी दुसऱ्या पेनावरून आलेली होती. टोपणाच्या क्लिपवरील निळा हिरा मात्र १९४६ शी जुळत होता. आजीवन हमीची ती खूण पुढे १९४७ च्या सुमारास मागे पडली, म्हणून एअरोमेट्रिक पेनावर ती दिसली तर टोपण बदललेले असण्याची शक्यता आधी तपासावी.

त्यानंतर पेनाचे टोक पाण्यात बुडवून दट्ट्या दाबला. बुडबुडे आले नाहीत, म्हणजे पडदा निकामी झाला होता. निब नळीच्या आकाराची आणि झाकलेली असल्याने तिच्यावरची अक्षरे पेन न उघडता वाचता येत नाहीत, पण टोकावरचा कठीण धातूचा मणी भिंगाखाली तपासता येतो. तो एका बाजूने सपाट झिजलेला असेल तर पेन मूळ मालकाच्या हाताच्या कोनातच नीट लिहिते. या पेनाचा मणी गोल होता आणि त्याच्या दोन्ही फाका एका पातळीत होत्या. मूळ ५१ ची निब १४ कॅरेट सोन्याची असते. १९५० पासूनच्या 'स्पेशल' या स्वस्त आवृत्तीत ऑक्टेनियम या मिश्रधातूची निब आली आणि तिला संग्रहमूल्य कमीच मिळते. निब पाहण्यासाठी पुढचे आवरण पिळून काढू नये. ते लाखेने चिकटवलेले असते व मंद उष्णता न देता फिरवले तर तडकते. ती तडक मूल्य सर्वाधिक खाली आणते, कारण बदली आवरण मूळ दांड्याच्या रंगाशी क्वचितच जुळते.

मूल्य ठरवताना मी आधी मूळ भाग आणि अक्षरांची स्पष्टता पाहतो, रंगाचा विचार त्यानंतर करतो. काळा रंग विपुल आहे, तर मोहरी पिवळा आणि नासाऊ हिरवा यांसाठी संग्राहक अधिक देतात. मात्र घासून आरशासारखे केलेले आणि अक्षरे गेलेले दुर्मीळ रंगाचे पेन मी स्पष्ट अक्षरांच्या काळ्या पेनापेक्षा कमी मानतो, कारण त्याचे वर्ष वाचण्याचे साधनच नष्ट झालेले असते. सोन्याचा पातळ थर असलेल्या टोपणावर क्लिपच्या टोकापाशी पितळ उघडे पडले आहे का, हे प्रथम पाहावे, कारण मूळ थर पुन्हा आणता येत नाही. त्या १९४६ च्या पेनाला मी पहिल्या वर्षाच्या पेनाचा भाव देण्यास नकार दिला आणि नवा पडदा बसवण्याचा खर्च वजा करून, मागची टोपी बदललेली आहे असे गृहीत धरून, साध्या व्हॅक्युमॅटिक ५१ च्या भावात ते घेतले.