कीस्टोन मारणं वेगळं, प्रोजेक्टर सरळ लावणं वेगळं

वर्गात प्रोजेक्टर लागला की पाच मिनिटांत मागून आवाज येतोच, "सर, कीस्टोन मारा ना." कीस्टोन म्हणजे पडद्यावर वाकडी पडलेली चित्राची चौकट सरळ करणारं प्रोजेक्टरवरचं बटण. चित्र वर गेलं, कीस्टोन मारा. चित्र आडवं ताणलं, कीस्टोन मारा. एक कोपरा खाली आला, तरी कीस्टोनच. परवा शेजारच्या वर्गातल्या मॅडम चित्र वर सरकावं म्हणून ते बटण दाबत बसल्या होत्या. चित्र वर सरकलं नाहीच, पण आधी आयत होतं तेही राहिलं नाही. मी पुण्यात गेली बरीच वर्षं भौतिकशास्त्र शिकवतोय आणि हा घोळ दर सत्रात नव्यानं बघतोय, म्हणून एकदाचं लिहून काढतो.

लॅपटॉप जोडण्याबद्दल फार बोलत नाही, ते तुम्हाला येतं. एचडीएमआयची वायर लावा, प्रोजेक्टरवर तोच सोर्स निवडा, लॅपटॉपवर `Win + P` दाबून `Duplicate` करा. जुन्या प्रोजेक्टरला निळ्या टोकाची व्हीजीए वायर असेल तर तिचे दोन्ही स्क्रू पिळा, नाहीतर एखादी पिन सैल राहून सगळा वर्ग गुलाबी दिसतो.

इथे एकच गोष्ट लक्षात ठेवायची. वर्गातले बरेच जुने प्रोजेक्टर ४:३ आकाराचे, म्हणजे १०२४ × ७६८ ठिपक्यांचे असतात आणि लॅपटॉप १६:९ चा असतो. मग चित्राच्या वर-खाली काळे पट्टे येतात, किंवा माणसं उभट आणि बारीक दिसतात. हा लॅपटॉपकडून येणाऱ्या चित्राचा प्रश्न आहे, तो रिझोल्यूशन बदलून सुटतो. ओळखायचं कसं? चित्राच्या डाव्या-उजव्या कडा बघा. त्या एकमेकींना समांतर असतील तर कीस्टोनला हात लावायचा नाही, मग आतलं वर्तुळ अंड्यासारखं का दिसेना. कडा वर जाताना फाकत असतील, म्हणजे आयताचा समलंब चौकोन झाला असेल, तरच पुढचं वाचा.

आता खरा गोंधळ. समलंब चौकोन पुन्हा आयत करायचे दोन मार्ग आहेत आणि लोक ते एकच समजतात. एक म्हणजे प्रोजेक्टर पडद्याच्या समोर सरळ आणणं. दुसरा म्हणजे कीस्टोन. पडद्यावर दोन्हींचा शेवट आयतातच होतो, म्हणून फरक कुणाच्या डोक्यात शिरत नाही.

चित्र फाकतं का, ते आधी बघू. प्रोजेक्टरचा पुढचा पाय बाहेर काढला की भिंगाचं तोंड वर होतं. पडद्याच्या वरच्या कडेपर्यंत जाणाऱ्या प्रकाशाला जास्त अंतर कापावं लागतं आणि जितकं अंतर जास्त तितका झोत पसरतो. त्यामुळे वरची कड रुंद आणि खालची अरुंद होते. कमानीच्या माथ्यावरचा कळीचा दगड असाच वर रुंद, खाली निमुळता असतो. कीस्टोन हे नाव त्याच दगडावरून आलं.

प्रोजेक्टर सरळ केला की हे मूळ कारणच जातं. कीस्टोनमध्ये कारण तसंच राहतं. प्रोजेक्टर तिरकाच असतो, प्रकाश तिरकाच जातो, यंत्र फक्त आतल्या पॅनेलवर मूळ चित्र उलट्या बाजूनं वाकडं काढतं. वर फाकणार म्हणून वरचा भाग आधीच आकसून ठेवायचा, एवढंच. त्यासाठी पॅनेलवरचे काही ठिपके मोकळे सोडावे लागतात. हे ठिपके नंतर कुठूनही परत मिळत नाहीत.

याचा पुरावा डोळ्यांनी बघता येतो. कीस्टोन भरपूर मारलेला असेल तेव्हा दिवे घालवा आणि चित्राच्या कडेला नीट बघा. सरळ दिसणाऱ्या आयताभोवती एक मंद करडी चौकट दिसते, वर रुंद, खाली अरुंद. तेच तुमचं खरं चित्र. मोकळ्या ठिपक्यांतूनही थोडा प्रकाश झिरपतो, पूर्ण काळं काही होत नाही. विद्यार्थ्यांना हे एकदा दाखवलं की त्यांना पुन्हा समजवावं लागत नाही. सहकाऱ्यांना मात्र लागतं.

आणखी एक गोष्ट कीस्टोनला अजिबात जमत नाही, ती म्हणजे फोकस. पडदा तिरका पडल्यामुळे वरची कड भिंगापासून लांब, खालची जवळ. मध्यावर फोकस केला की वरची आणि खालची ओळ किंचित धुरकट राहते. त्यात अक्षरं आकसताना एका ठिपक्याची रेघ दोन ठिपक्यांत वाटली जाते आणि करडी होते. फोटो असेल तर कळतही नाही. एक्सेलचा तक्ता, बारीक सूत्र किंवा जोडाक्षरांनी भरलेला मराठी मजकूर असेल तर मागच्या बाकावरची मुलं डोळे बारीक करायला लागतात.

आमच्याच एका वर्गाचं उदाहरण घेऊ. प्रोजेक्टर पहिल्या बाकावर ठेवलेला, भिंग जमिनीपासून ७५ सेंटिमीटरवर. पडदा ३.६ मीटर अंतरावर, चित्र २ मीटर रुंद आणि दीड मीटर उंच. पडदा फळ्याच्या वर अर्धाच ओढलेला, त्यामुळे चित्राची खालची कड १६५ सेंटिमीटरवर हवी.

इथे बहुतेकांना माहीत नसलेली गोष्ट येते. सरळ, आडव्या ठेवलेल्या प्रोजेक्टरचं चित्र भिंगाच्या बरोबर समोर मध्यावर पडत नाही. बहुतेक वर्गातल्या प्रोजेक्टरांची रचनाच अशी असते की झोत वरच्या बाजूला जातो आणि चित्राची खालची कड साधारण भिंगाच्या उंचीला येते. म्हणजे टेबलावर ठेवलेल्या प्रोजेक्टरचं चित्र पाय न काढताच वर पडतं, आणि तरीही आयत असतं. तुमच्या यंत्राची खालची कड नेमकी कुठे येते ते एकदा पाय आत ढकलून, कीस्टोन शून्यावर आणून बघून ठेवा. भिंग पडद्याच्या मध्याशी हवं असं समजून पाय उचलणारे निम्मे लोक इथेच चुकतात.

आमच्या यंत्राची खालची कड भिंगाच्याच उंचीला येत होती. म्हणजे चित्र ९० सेंटिमीटर वर चढवायचं होतं. शिपाई मामांनी पाय पूर्ण बाहेर काढला, खाली दोन जाड रजिस्टरं सरकवली आणि यंत्र साधारण १४ अंश वर झालं. चित्राची खालची कड २ मीटर ६ सेंटिमीटर रुंद, वरची २ मीटर ३० सेंटिमीटर. उंचीही ताणली, दीड मीटरची जवळजवळ १ मीटर ७८ सेंटिमीटर झाली. मग कीस्टोन मारून ते चित्र प्रमाणात आणलं. हिशेब केला तर वरच्या कडेला १०२४ पैकी सुमारे ९३० ठिपके उरतात आणि ७६८ पैकी सुमारे ६७५ ओळी. पॅनेलचा साधारण सहावा हिस्सा वाया. वर फोकसचं दुखणं वेगळंच.

मी काय केलं? मामांना पडदा २५ सेंटिमीटर आणखी खाली ओढायला सांगितला, खालची कड १४० वर आली. आणि प्रोजेक्टर रजिस्टरांवरून काढून प्रयोगशाळेतल्या एका उंच स्टुलावर ठेवला, भिंग १२० वर. आता फक्त २० सेंटिमीटर चढवायचं, म्हणजे जेमतेम तीन अंश. वरची कड खालच्यापेक्षा पाच सेंटिमीटरच्या आसपास रुंद. एवढ्यासाठी कीस्टोनचे दोन-तीन टिचके मारले तर काहीही बिघडत नाही. पडदा १२० पर्यंत ओढला असता तर तेही लागलं नसतं, पण मग मागच्या मुलांना शेवटची ओळ पुढच्यांच्या डोक्याआड गेली असती. आणि स्टूल दोन बाकांच्या मधल्या वाटेत ठेवलं, नाहीतर मागच्या रांगेतल्या मुलाला धडा म्हणून प्रोजेक्टरची पाठ दिसते. वाट वर्गाच्या मधोमध होती हे नशीब. ती बाजूला असती तर चित्र डावीकडे किंवा उजवीकडे फाकलं असतं, आणि आडव्या दिशेचा कीस्टोन सगळ्या प्रोजेक्टरांत नसतो.

एक कोपरा खाली असेल तर तो यापैकी काहीच नाही. मागच्या पायाचा स्क्रू फिरवा.

माझी सगळ्यात मोठी तक्रार आपोआप होणाऱ्या कीस्टोनबद्दल. त्यात बऱ्याच यंत्रांना स्वतःचा कल कळतो, पडद्याचा नाही. आमचे गुंडाळीचे पडदे खाली झुलतात, पंखा लावला की हलतात. पडदा आणि प्रोजेक्टर दोन्ही सारखेच कललेले असतील तर चित्र आधीच आयत असतं, तरी हे शहाणं यंत्र ते वाकडं करून ठेवतं. मी ते पहिल्या दिवशी बंद करतो. आणि हातानं मारलेला कीस्टोन बऱ्याच यंत्रांत तसाच राहतो, त्यामुळे आदल्या तासाला कुणी पंचवीस टिचके मारले असतील तर आज सरळ ठेवलेला प्रोजेक्टरही वाकडं चित्र देतो. म्हणून पहिलं काम, मेनूत जाऊन कीस्टोन शून्य. मग जागा, मग झूम, मग फोकस, आणि काही उरलंच तर कीस्टोन, आणि त्यानंतर फोकस परत एकदा.

छताला टांगलेल्या प्रोजेक्टरचं गणित उलटं. तो पालथा असतो, म्हणून भिंगाच्या उंचीला चित्राची वरची कड यायला हवी. टांगायची नळी आखूड घेतली की भिंग पडद्याच्या कितीतरी वर जातं, बसवणारा त्याला खाली वाकवतो, चित्र खाली फाकतं आणि तो जाताना कीस्टोन मारून बिल देऊन जातो. पुढची पाच वर्षं तुम्ही पॅनेलचा तुकडा वापरता. बसवणारा शिडीवरून उतरायच्या आत मेनू उघडून आकडा बघा. तो शून्याच्या जवळपास नसेल तर त्याला परत वर चढवा आणि लांब नळी लावायला सांगा.