डोक्याच्या त्वचेवरील डिस्कॉइड ल्यूपस

डिस्कॉइड ल्यूपस : शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच त्वचेवर उलटल्यामुळे होणारा आणि चकतीसारखे चट्टे उमटवणारा दीर्घकाळचा त्वचारोग. चेहरा, कान आणि डोके या त्याच्या नेहमीच्या जागा. डोक्यावर तो झाला की चट्ट्यातले केस गळतात, त्वचेवर व्रण उरतो आणि व्रण पक्का झाला की तिथे केस पुन्हा येत नाहीत. हा रोग संसर्गजन्य नाही. कंगवा, उशी किंवा टॉवेल यांतून तो घरात कोणाला लागत नाही. पुरुषांपेक्षा स्त्रियांत तो अधिक आढळतो, तोही बहुधा विशीनंतर चाळिशीपर्यंत. ‘लूपस’ म्हणजे लॅटिनमध्ये लांडगा. त्वचेपुरता राहणारा चकतीचा प्रकार आणि सर्वांगाला ग्रासणारा प्रकार हा भेद मोरिट्झ कापोशी यांनी १८७२ मध्ये स्पष्ट केला.

केस परत येतील की नाही, हे दाह मुळाच्या कोणत्या भागात आहे यावर ठरते. प्रत्येक केसाच्या मुळाला वरच्या बाजूला, तेलग्रंथीच्या जरा खाली, एक बारीक फुगवटा असतो. नवा केस घडवणाऱ्या मूलपेशी तिथे राहतात. चाईमध्ये दाह तळाच्या गाठीशी असतो आणि मूलपेशी वाचतात, म्हणून चाईची गुळगुळीत चकती पुन्हा केसांनी भरू शकते. डिस्कॉइड ल्यूपसमध्ये पांढऱ्या पेशी नेमक्या त्या फुगवट्याभोवती जमतात. मूलपेशी मेल्या की मुळाच्या जागी तंतुमय पेशीजाल भरते आणि त्वचेवरचे केसाचे छिद्रच बुजते. छिद्रे बुजण्याआधीचे काही महिने हाच उपचाराचा खरा काळ असतो, आणि नेमका तोच काळ चुकीच्या निदानात निघून जातो.

ऊन हे या रोगाचे एकमेव कारण नाही. जन्मजात कल असलेल्या माणसात तो भडकवण्याचे काम मात्र ते करते. अतिनील किरणांनी त्वचेतल्या पेशी मरतात, त्यांच्या केंद्रकातला ऐवज बाहेर पडतो आणि त्यालाच शत्रू समजून प्रतिकारशक्ती जागी होते. नागपुरात माणूस नवतपात डोक्याला दुपट्टा गुंडाळूनच घराबाहेर पडतो, कारण पारा ४५ अंशांच्या आसपास असतो. पण उन्हाचा ताप आणि अतिनील किरणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फेब्रुवारीच्या सुखद सकाळी किंवा श्रावणातल्या ढगाळ दुपारी डोके तापत नाही, म्हणून दुपट्टा घरी राहतो. किरणे तर पडतच असतात. भांगाची रेघ आणि आधीच उघडे पडलेले चट्टे यांना केसांची सावली नसते, त्यामुळे मार तिथेच जास्त बसतो. धूम्रपानानेही हा रोग चिवट होतो.

सुरुवातीचा चट्टा लाल किंवा जांभळट असतो, थोडा उंचावलेला, कडा स्पष्ट. त्यावर पांढुरका, घट्ट चिकटलेला पापुद्रा असतो. कोंडा बोटाने झटकला की उडतो, हा पापुद्रा उडत नाही. तो चिमट्याने हलके उचलला तर त्याच्या खालच्या बाजूला बारीक काटे दिसतात, किसणीच्या खरखरीत अंगासारखे. केसाच्या छिद्रांत जाऊन बसलेले हे केराटिनचे खुंट असतात. पुस्तकात याला गालिच्याच्या खिळ्याची उपमा देतात. पुढे चट्ट्याचा मधला भाग पातळ, गुळगुळीत, पांढरट होतो आणि भोवती काळसर कडा उरते. आपल्या सावळ्या त्वचेवर लाली नीट दिसत नाही, पण मध्ये पांढरा आणि कडेला काळा हा रंगभेद लांबूनही कळतो. त्यावरून घरचे लोक कोड समजून घाबरतात, तेही निष्कारण.

एक जागा हमखास बघायची राहते : कानाची आतली वाटी. तिथे काळ्या ठिपक्यांसारखी रुंदावलेली छिद्रे आणि खपल्या दिसल्या तर डोक्यावरच्या चट्ट्याचे निदान निम्मे झाले असे समजावे. माझ्या मते डोक्यावरच्या कोणत्याही चट्ट्यासाठी आलेल्या माणसाचा कान न पाहता त्याला परत पाठवू नये.

ओळखीतला घोळ समजण्यासाठी एक नमुना घेऊ. चौतीस वर्षांची बाई, वजन ५२ किलो, नागपूरच्या महाल भागात भाजीचे दुकान. भांगाशेजारी तीन सेंटिमीटरचा चट्टा वेणी घालताना मुलीला दिसला. शेजारणीने सांगितले, “वहिनी, ही चाई आहे. लसूण घासा, येतील केस.” पंधरा दिवस लसूण घासून त्वचा पोळली. ल्यूपसच्या त्वचेला इजा झाली की त्या इजेच्या जागीच रोग फोफावतो, त्यामुळे लसणाने नुकसानच झाले. मग गजकर्ण समजून औषधाच्या दुकानातून मिश्र मलम आणले. अशा मलमात बुरशीच्या औषधाबरोबर स्टेरॉइडही असते. स्टेरॉइडने लाली चार दिवस उतरली, म्हणून निदान बरोबर वाटले. थांबवताच चट्टा परत लाल झाला. यात पाच महिने गेले. त्वचारोगाच्या बाह्यरुग्ण विभागात ती म्हणाली, “खाज एवढी नाही, पण उन्हात गेली का चरचर करते.” उन्हातली ही चरचर, दाबल्यावर दुखणे आणि सुटणारी खाज चाईत सहसा नसते. तिच्या चट्ट्यात मधोमध छिद्रे बुजलेली होती, पण कडेच्या अर्ध्या सेंटिमीटरच्या पट्ट्यात ती अजून दिसत होती.

त्वचेवर टेकवायच्या भिंगातून, म्हणजे डर्मोस्कोपने, हा फरक नीट दिसतो. मोठे पिवळे ठिपके म्हणजे केराटिनने भरलेली छिद्रे. ती असली तर रोग चालू आहे. फांद्या फुटलेल्या जाड रक्तवाहिन्या आणि विखुरलेले निळसर करडे ठिपकेही दिसतात. लाल ठिपके दिसले तर काही केस वाचण्याची आशा धरता येते. एकही छिद्र न दिसणारा सपाट पांढरा भाग म्हणजे संपलेला व्रण. चाईत छिद्रे शाबूत राहतात आणि मुळाकडे निमुळते झालेले तुटके केस सापडतात. गजकर्णाची शंका असेल तर खरवड आणि तुटके केस पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये टाकून सूक्ष्मदर्शकाखाली बुरशी शोधतात. लायकेन प्लानोपिलॅरिस हा दुसरा व्रणकारी रोग दिसायला जवळचा आहे, पण त्यात लाली आणि पापुद्रे चट्ट्याच्या कडेच्या केसांभोवती असतात आणि मधला भाग शांत असतो. ल्यूपसमध्ये चट्ट्याच्या आतही धग असते.

पक्के निदान बायोप्सीने होते. भूल देऊन ४ मिलिमीटरच्या गोल पात्याने त्वचेचा तुकडा काढतात आणि एखादा टाका घालतात. तुकडा कुठून घेतला यावर सगळे अवलंबून असते. पांढऱ्या मधल्या भागातून घेतला तर अहवालात फक्त ‘व्रण’ येतो, रोगाचे नाव कळत नाही. जिथे लाली आहे आणि थोडे केस उरले आहेत अशी कड निवडावी लागते. सूक्ष्मदर्शकाखाली बाह्यत्वचेच्या तळाच्या पेशींची पडझड, मुळांभोवती आणि रक्तवाहिन्यांभोवती पांढऱ्या पेशींचे पुंजके, जाड झालेला तळपडदा आणि खोल थरात म्यूसिन हा चिकट पदार्थ दिसतो. शंका उरली तर दुसरा तुकडा इम्युनोफ्लुओरेसन्ससाठी, म्हणजे त्वचेत साचलेली प्रतिपिंडे चमकवून पाहण्याच्या तपासणीसाठी, पाठवतात. तो फॉर्मॅलिनमध्ये टाकला तर वाया जातो, वेगळ्या द्रवात न्यावा लागतो.

रोग त्वचेपुरताच आहे ना, हे रक्त आणि लघवी तपासून बघतात : रक्तपेशींची मोजणी, स्वतःच्याच पेशींच्या केंद्रकाविरुद्धची प्रतिपिंडे शोधणारी एएनए चाचणी, लघवीतली प्रथिने, मूत्रपिंडाचे काम. बहुतेक रुग्णांत रोग त्वचेतच राहतो, काहींत पुढे सर्वांगाचा ल्यूपस होतो. एएनए थोडी होकारार्थी आली म्हणून घाबरायचे कारण नाही. सांधे सुजणे, वारंवार तोंड येणे, कारण न सापडणारा ताप किंवा फेसाळ लघवी असेल तर मात्र तपास पुढे न्यावा लागतो.

आता त्या भाजीवाल्या बाईचे उपचार. चट्ट्यावर ०.०५ टक्के क्लोबेटासॉलचे लोशन रोज दोनदा, काही आठवडे. केसांत मलमापेक्षा लोशन बरे मुरते. शिवाय दर चार ते सहा आठवड्यांनी चट्ट्यात ट्रायअ‍ॅमसिनोलोनची इंजेक्शने. ४० मिलिग्रॅम प्रति मिलिलिटरचे औषध तिप्पट सलाइनमध्ये पातळ केले की १० मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर होते. ते सेंटिमीटरभर अंतराने, दर ठिकाणी ०.१ मिलिलिटर, त्वचेच्या आत सोडतात. सुई फार खोल गेली किंवा औषध जास्त झाले तर तिथे खळगा पडतो, म्हणून पुढच्या वेळी खळगा दिसला की ती जागा सोडतात.

चट्टा पसरत असेल तर पोटातून हायड्रॉक्सिक्लोरोक्विन हे मुळातले हिवतापाचे औषध देतात. मर्यादा रोज किलोमागे ५ मिलिग्रॅम, म्हणजे ५२ किलोला २६०. गोळी २०० मिलिग्रॅमची असेल तर आठवड्यातले पाच दिवस एक आणि दोन दिवस दोन, एकूण १८००, रोजची सरासरी २५७. सगळ्यांना सरसकट दोन गोळ्या लिहून देणे कमी वजनाच्या बाईला जास्त होते, कारण हे औषध वर्षानुवर्षे चालते आणि जादा मात्रा डोळ्याच्या पडद्याला इजा करते. पहिल्या वर्षातच डोळे तपासून घ्यायचे. पाच वर्षांनंतर दरवर्षी, मूत्रपिंड कमजोर असेल तर त्याही आधीपासून. औषधाचा गुण दिसायला दोन-तीन महिने लागतात. महिनाभरात फरक नाही म्हणून ते सोडणारे बरेच असतात आणि तिथेच उरलेली छिद्रे जातात. यानेही रोग आटोक्यात आला नाही तर मेथोट्रेक्सेट किंवा मायकोफेनोलेट देतात. गर्भधारणेचा विचार असलेल्या स्त्रीला ही दोन्ही चालत नाहीत.

उन्हाचे संरक्षण हाही औषधाचाच भाग. उघड्या चट्ट्यावर किमान एसपीएफ ३० चे जेल, भांगाची बाजू अधूनमधून बदलणे आणि घट्ट विणीचा दुपट्टा बाराही महिने. विरळ विणीचा जुना सुती दुपट्टा उन्हाकडे धरून पाहावा. त्यातून उजेड आरपार येत असेल तर किरणेही येतात. ऊन टाळणाऱ्याचे ड जीवनसत्त्व तपासून घेतात.

सुधारणा केसांवरून मोजू नये. आधी चरचर थांबते, मग लाली आणि पापुद्रा जातो; केसांचा प्रश्न त्यानंतरचा. दर भेटीत चट्ट्याशेजारी मोजपट्टी ठेवून त्याच अंतरावरून फोटो काढला तर वाद उरत नाही. या बाईचा चट्टा चौथ्या महिन्यात शांत झाला. कडेच्या पट्ट्यात बारीक केस आले, मधली दोन सेंटिमीटरची जागा गुळगुळीतच राहिली. ती केसांच्या रंगाच्या पावडरीने झाकता येते. केसांचे प्रत्यारोपण करायचे तर रोग किमान वर्षभर, शक्यतो दोन वर्षे, पूर्ण शांत हवा. तरीही रोग पुन्हा उठून लावलेले केस जाण्याचा धोका राहतो. आणि जुन्या व्रणात न भरणारी जखम, जाड खपली किंवा रक्त येणारी गाठ दिसली तर तिथून बायोप्सी तातडीने घ्यावी लागते, कारण अनेक वर्षांच्या अशा व्रणात क्वचित त्वचेचा कर्करोग निघतो.