पार्श्वभूमी : प्रेक्षक नेमका कुठे उठून जातो?

यूट्यूबच्या आधी खानदेशात सीडी होती. अहिराणी गाणी आणि विनोदी प्रहसनं सीडीवर खपायची, आणि किती खपल्या एवढंच करणाऱ्याला कळायचं. घरी नेऊन कुणी दहाव्या मिनिटाला टीव्ही बंद केला, ते कळायला मार्गच नव्हता. यूट्यूबने २००८ मध्ये आकडेवारी दाखवायला सुरुवात केली आणि त्याच वर्षी 'हॉट स्पॉट्स' नावाने चढउताराची पहिली रेघही दिली. कोणत्या क्षणाला किती टक्के प्रेक्षक उरले हे रेघेने दाखवणाऱ्या आजच्या ग्राफचा खरा पाया मात्र २०११ च्या अखेरीस आलेल्या ॲनालिटिक्सचा.

खरी उलथापालथ २०१२ ची. तोवर यूट्यूब व्हिडिओ लोकांपुढे आणायचं ते व्ह्यूच्या जोरावर, त्यामुळे भडक थंबनेल लावून क्लिक मिळवणाऱ्यांची चलती होती. त्या वर्षी आधी सुचवलेल्या व्हिडिओंमध्ये आणि ऑक्टोबरमध्ये सर्चमध्येही किती वेळ पाहिलं गेलं याला वजन मिळालं. अनेकांचे व्ह्यू धाडकन पडले आणि आरडाओरडा झाला. फसवी थंबनेलं उघडी पडली, हे खरं. पण एकूण मिनिटांना भाव आल्यावर तीन मिनिटांचा ऐवज दहा मिनिटांत ताणायची सवयही तिथेच लागली, आणि माझ्या मते तो निर्णय अर्धाच नीट होता. पुढे मधल्या जाहिरातींसाठी व्हिडिओ किमान १० मिनिटांचा हवा, या अटीने त्या सवयीला खतपाणी मिळालं. २०२० मध्ये ती मर्यादा ८ मिनिटांवर आली आणि ताणणंही आठवर आलं. आपल्याकडे २०१६ नंतर डेटा स्वस्त झाला, चॅनलं भराभर निघाली, म्हणजे आपली मंडळी या खेळात उतरली तीच नियम बदलल्यावर.

म्हणूनच सरासरी पाहण्याचा वेळ एकटा वाचू नये. खानदेशी भरिताचा ८ मिनिटांचा व्हिडिओ घ्या. समजा सुरुवातीला १०० टक्के, अर्ध्या मिनिटाला ६०, साडेसात मिनिटांना २० आणि अखेरीस ५ टक्के उरले, आणि मधली उतरण सरळ आहे. रेघेखालचं क्षेत्रफळ काढलं की तीच सरासरी येते : पहिल्या ३० सेकंदांचे २४, मधल्या ४२० सेकंदांचे १६८ आणि शेवटच्या ३० चे जेमतेम ४. एकूण १९६ सेकंद, म्हणजे सव्वातीन मिनिटं, ४१ टक्के. पण हीच सव्वातीन मिनिटं दुसऱ्या तऱ्हेनेही येऊ शकतात : १०० पैकी ४१ जणांनी सगळं पाहिलं आणि उरलेले नमस्कार ऐकून लगेच निघून गेले. पहिल्या व्हिडिओत सुरुवात आणि मधला भाग दोन्ही सैल आहेत. दुसऱ्यात दोष बहुधा थंबनेलाचा किंवा सुरुवातीच्या गप्पांचा. आकडा एकच, पण दुरुस्ती वेगळी.

आता खऱ्या रेघेकडे पाहा, ती हिशेबासाठी धरली तशी सरळ नसते. काड्यांच्या जाळावर वांगी भाजण्याचं लांबलचक दृश्य आहे, तिथे रेघ खाली जाते आणि बडगीत ठेचायला घेतल्यावर पुन्हा वर येते. असा खड्डा पडून रेघ भरून आली तर लोक गेलेले नसतात, त्यांनी बोटाने पुढे सरकवलेलं असतं. भाजणं थोडं कापलं की काम होतं. रेघ पायरीसारखी एकदम खाली उतरून तिथेच राहिली, तर मात्र लोक गेले. 'चला मंडळी, झालं भरीत' म्हटलं की ती हमखास उतरते, कारण संपल्याची खूण मिळाल्यावर कोण थांबणार? मिरची-लसणाचं प्रमाण सांगताना उंचवटा आला तर ते लोक मागे जाऊन पुन्हा ऐकत आहेत. कौतुक म्हणूनही असेल, पण बरेचदा तुम्ही घाईत बोललेले असता. परत पाहणंही मोजलं जातं, त्यामुळे एखाद्या क्षणाला रेघ १०० च्या वरही जाते. तो बिघाड नव्हे.

उतारावर रेघ असली म्हणून घाबरायचं कारण नाही, उतार सगळ्यांचाच असतो. तुलना करायची ती आपल्याच तेवढ्याच लांबीच्या व्हिडिओंशी. आणि प्रेक्षक कुठून आला तेही बघायचं. हिवाळ्यात भरिताच्या हंगामात सर्चमधून येणाऱ्याला कृती हवी असते, तो टिकतो. होमपेजवर दिसलं म्हणून टिचकी मारणारा लवकर जातो. व्हिडिओ पसरत गेला की असा प्रेक्षक वाढतो आणि व्हिडिओत एक फ्रेम न बदलता सरासरी घसरते.

शॉर्ट्स आल्यावर हा हिशेब आणखी गुंतला. तिथे व्हिडिओ आपोआप पुन्हा सुरू होतो, त्यामुळे सरासरी टक्केवारी १०० च्या पुढे सहज जाते. मार्च २०२५ अखेरीस तर शॉर्ट सुरू झाला की व्ह्यू धरायला लागले. जुन्या पद्धतीचा आकडा वेगळ्या नावाने ठेवला आहे. भरिताच्या ४० सेकंदांच्या शॉर्टचे ११० टक्के त्या आठ मिनिटांच्या ४१ टक्क्यांशेजारी ठेवून खूश होणारे बरेच आहेत, पण त्या दोन आकड्यांची तुलनाच होत नाही.