अंगठा उचलला तरी गडी मागे का सरकतो?

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत भाचा कंट्रोलर घेऊन माझ्याकडे आला. "मामा, मी हात लावत नाही तरी माझा सैनिक मागे मागे चालतोय, बघ." कंट्रोलर टेबलावर ठेवला होता, कुणाचा स्पर्श नव्हता आणि पडद्यावरचा सैनिक खरोखरच हळूहळू मागे सरकत भिंतीला जाऊन टेकला. शेजारच्या मुलाने लगेच निदान केलं, धूळ गेलीय, जोरात फुंकर मार. भाच्याने ती आधीच पाच-सहा वेळा मारून झाली होती.

या दुखण्याला खेळणारी पोरं 'स्टिक ड्रिफ्ट' म्हणतात. 2020 साली निन्टेन्डो या गेम कंपनीच्या अध्यक्षांना त्यांच्या जॉय-कॉन कंट्रोलरच्या या तक्रारींबद्दल गुंतवणूकदारांसमोर माफी मागावी लागली होती, इतका तो सर्वदूर आहे. धूळ हे त्याचं एक कारण नक्कीच आहे, पण बहुतेक वेळा खरं कारण वेगळं असतं. ते शाळेतल्या ओहमच्या नियमात बसतं, आणि मला ते फार आवडतं.

अंगठ्याने ढकलायच्या स्टिकच्या बुडाशी एक छोटी डबी असते. तिच्या दोन बाजूंना एकमेकींशी काटकोनात दोन पोटेन्शिओमीटर बसवलेले असतात, एक आडव्या हालचालीसाठी, एक उभ्या. पोटेन्शिओमीटर आपल्या घरात पूर्वीपासून आहे. जुन्या रेडिओचा आवाज कमी-जास्त करणारं बटण म्हणजे तोच. आत कार्बनचा एक पातळ पट्टा, त्याच्या दोन टोकांना दोन तारा आणि पट्ट्यावरून घसरणारं धातूच्या पातळ पत्र्याचं एक बोट. पट्ट्याच्या एका टोकाला शून्य व्होल्ट, दुसऱ्याला पूर्ण व्होल्टेज. बोट जिथे टेकलं असेल तिथला व्होल्टेज कंट्रोलरची चिप वाचते आणि त्याचा आकडा करते. बऱ्याच कंट्रोलरमध्ये हा आकडा 0 ते 255 असतो. स्टिक पूर्ण पुढे ढकलली की 0, पूर्ण मागे ओढली की 255 आणि सोडली की मध्यावर, म्हणजे 128 च्या आसपास.

इथे चिपला स्टिक दिसत नाही, फक्त व्होल्टेजचं प्रमाण कळतं, हे लक्षात ठेवायचं. पट्ट्याचा पुढचा अर्धा भाग आणि मागचा अर्धा भाग यांचा रोध सारखा असेल तर बरोबर अर्धा व्होल्टेज येतो. समजा पूर्ण पट्टा 10 किलोओहमचा आहे, म्हणजे दोन्हीकडे पाच-पाच. आता भाच्याचा खेळ बघा. त्याचा सैनिक सतत पुढे पळतो. दिवसाचे दोन-तीन तास स्टिक मध्यापासून पुढे, परत मध्यावर, परत पुढे. मागे फारच क्वचित. धातूचं बोट पट्ट्याच्या पुढच्या अर्ध्या भागावर हजारो वेळा घासतं आणि तिथला कार्बन झिजून पातळ होतो. पातळ वाहकाचा रोध जास्त. पुढच्या बाजूला झिजेमुळे एक किलोओहम वाढला असं धरा. आता पुढे 6, मागे 5, एकूण 11. स्टिक यांत्रिकदृष्ट्या अगदी मध्यावर उभी असली तरी प्रमाण येतं 6 भागिले 11, आणि 255 ने गुणलं की 139. चिपच्या दृष्टीने स्टिक थोडी मागे ओढलेली आहे. सैनिक मागे चालायला लागतो.

म्हणजे पोरगा जिकडे जास्त ढकलतो त्याच्या उलट दिशेला गडी सरकतो! हे गणित पहिल्यांदा कागदावर मांडलं तेव्हा मी स्वतःशीच हसलो होतो. प्रत्यक्षात दर वेळी दिशा अशी सरळ निघत नाही, कारण झीज अशी नेटकी एकसारखी होत नाही आणि स्टिकला मध्यावर आणणारी स्प्रिंगही सैल पडत जाते. शिवाय झीज दोन्हीकडे सारखी झाली तरी त्रास संपत नाही. मध्याजवळ पट्टा पातळ झाला की तिथे दर मिलिमीटरला व्होल्टेज जास्त वेगाने बदलतो. स्प्रिंगमुळे पूर्वी केसभर फरक पडायचा तेव्हा आकडा एखाद्या अंकाने हलायचा, आता तेवढ्याच फरकाला तो तीन-चारने हलतो. झीज जुन्या ढिलाईला मोठं करून दाखवते.

गेम बनवणाऱ्यांना हे सगळं ठाऊक असतं. म्हणून मध्याच्या आसपासचा एक भाग ते मुद्दाम दुर्लक्षित ठेवतात, त्याला डेडझोन म्हणतात. मायक्रोसॉफ्टने गेम लिहिणाऱ्यांसाठी डाव्या स्टिकला सुचवलेला डेडझोन 32767 पैकी 7849 होता, जवळजवळ 24 टक्के. 128 च्या जागी 139 म्हणजे साधारण 9 टक्क्यांचा सरक, तो इतक्या मोठ्या डेडझोनमध्ये सहज लपतो. पण नेमबाजीच्या काही खेळांत हातातली बारीक हालचालही पकडायची असते, तिथे डेडझोन लहान ठेवतात आणि तोच कंट्रोलर लगेच उघडा पडतो. "या गेममध्ये ड्रिफ्ट आहे, त्या गेममध्ये नाही, मग गेमच खराब," असं पोरं म्हणतात. गेम तसाच असतो, झाकणाचा आकार वेगळा असतो.

भाच्याचा कंट्रोलर मी लिनक्सवर `evtest` ला जोडला. ही आज्ञा सुरू होतानाच प्रत्येक अक्षाची त्या क्षणाची किंमत दाखवते. ABS_Y म्हणजे पुढे-मागेचा अक्ष.

```
Event code 1 (ABS_Y)
  Value    138
  Min        0
  Max      255
```

विंडोजवर `joy.cpl` चालवलं तर आकड्यांऐवजी चौकटीत फिरणारी फुली दिसते, तीही पुरते. आता एक साधी चाचणी करायची. स्टिक पुढे ढकलून अलगद सोडायची, मग मागून, डावीकडून, उजवीकडून. दर वेळी ती कुठे थांबते ते लिहून ठेवायचं. त्यानंतर पाच मिनिटं हात न लावता आकडा थरथरतो का ते बघायचं. प्रत्येक वेळी एकाच चुकीच्या जागी थांबत असेल तर सरक स्थिर आहे. पुढून सोडली की एक आकडा आणि मागून सोडली की दुसरा, असं असेल तर स्प्रिंग किंवा सांधा ढिला आहे. हात न लावता आकडा नाचत असेल तर बोट आणि पट्टा यांच्यामधला संपर्क बिघडलाय.

भाच्याच्या स्टिकचा सरक तेव्हा स्थिर होता, 137 ते 139. अशा वेळी कॅलिब्रेशन खरोखर उपयोगी पडतं, कारण ते फक्त एवढंच सांगतं की यापुढे 138 ला मध्य धर. मात्र ते कुठे साठवलं जातं हे बघा. `joy.cpl` मधलं कॅलिब्रेशन त्या संगणकापुरतं राहतं, आणि बरेच नवे गेम ते विचारातच घेत नाहीत. कंट्रोलरच्या स्वतःच्या स्मृतीत मध्य लिहिता आला तर तो सगळीकडे लागू होतो. आम्ही तसंच केलं आणि महिनाभर सैनिक जागेवर उभा राहिला.

मग आकडा नाचायला लागला, 122 ते 141 असा कुठेही. हे कॅलिब्रेशनच्या हातातलं दुखणं नाही. मध्य स्थिर असेल तर हलवता येतो, नाचणाऱ्या मध्याला कुठे हलवणार? जुना रेडिओ आठवा, बटण फिरवताना येणारी खरखर. तेच इथे चाललेलं असतं. झिजलेल्या कार्बनची भुकटी आणि बाहेरची धूळ बोटाखाली येते, संपर्क क्षणभर सुटतो, क्षणभर लागतो.

साफसफाई करायची तर 99 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने करावी, दुकानात आयपीए म्हणून मिळतं. सॅनिटायझर नको, त्यात पाणी आणि ग्लिसरीन असतं. गंज सोडवायचा स्प्रेही नको, त्याचा तेलकट थर मागे राहतो आणि त्यावर नवी धूळ चिकटते. आणि तोंडाची फुंकर तर मुळीच नको, तिच्यातून वाफ आणि थुंकीचे थेंब थेट पट्ट्यावर जातात. फुंकर मारल्यावर कधी कधी बरं वाटतं, कारण त्या गडबडीत स्टिकही हलवली जाते आणि भुकटी बाजूला सरकते. गुण हलवण्याचा, श्रेय फुंकरीला. आम्ही बॅटरीची तार काढली, स्टिकच्या बुडाशी आयपीएचे दोन थेंब सोडले, स्टिक गोल गोल फिरवली आणि तासभर वाळू दिलं. नाच दोन-तीन आकड्यांवर आला. तीन आठवड्यांनी पुन्हा सुरू झाला. भुकटी निघून गेली तरी पट्ट्यावरचा कार्बन परत येत नाही.

मग पुण्याच्या तपकीर गल्लीतून नवी स्टिक आणली. काही कंट्रोलरमध्ये ती लवचिक पट्टीने जोडलेली असते, तिथे स्क्रू काढले की काम झालं. याच्यात ती बोर्डावर 14 ठिकाणी डाखलेली होती: दोन पोटेन्शिओमीटरचे तीन-तीन पाय, खालच्या बटणाचे चार, धातूच्या चौकटीचे चार. नवख्याचा बोर्ड इथेच जातो. कारखान्यातलं शिसेविरहित डाख साधारण 217 अंशांना वितळतं, चौकटीचे पाय उष्णता ओढून घेतात, डाख अर्धवट वितळतं, माणूस जोर लावतो आणि बोर्डावरचा तांब्याचा ठिपका पायासोबत उपटून येतो. त्यावर दोन उपाय आहेत. प्रत्येक पायावर आधी थोडं शिसं असलेलं डाख मिसळायचं. 63 टक्के कथील आणि 37 टक्के शिशाचं डाख 183 अंशांनाच वितळतं, त्यामुळे मिश्रण लवकर सुटतं. आणि जुनी स्टिक अख्खी वाचवायचा मोह सोडायचा. कटरने तिचे तुकडे करायचे, मग एकेक पाय तापवून चिमट्याने अलगद ओढायचा, शेवटी भोकं सक्शन पंपाने साफ करायची. अडीच तास लागले, पण एकही ठिपका उपटला नाही.

नवी स्टिक बसल्यावर आकडा आला 124. घाबरायचं काही नाही. प्रत्येक नगाचा मध्य थोडा वेगळा असतो, म्हणून बदलल्यावर कॅलिब्रेशन करावंच लागतं. हे चुंबकावर चालणाऱ्या हॉल इफेक्ट स्टिकलाही लागू आहे. त्यांच्यात घासणारं बोट नसतं, त्यामुळे पट्टा झिजायचा प्रश्न उरत नाही, आणि ही खरी सुधारणा आहे. पण 'आयुष्यभर ड्रिफ्ट नाही' ही जाहिरात मला पटत नाही, कारण मध्यावर आणणारी स्प्रिंग तिथेही पोलादाचीच असते.

जुन्या स्टिकचा पुढे-मागेचा पोटेन्शिओमीटर मी कापायच्या आधीच सोडवून ठेवला होता. मल्टीमीटर लावला, बोट मध्यावर ठेवलं. पुढच्या टोकापर्यंत 6.1 किलोओहम, मागच्या टोकापर्यंत 5.0. मग भाच्याने भिंगातून पट्टा पाहिला. काळ्या मखमलीसारख्या कार्बनवर बोटाच्या काट्यांनी पाडलेल्या बारीक, चकचकीत समांतर रेघा होत्या, मध्यापासून सुरू होऊन फक्त एकाच बाजूला गेलेल्या. "ही माझी पळायची बाजू ना?" त्याने विचारलं.