ड्रीम फीड: झोपेतल्या बाळाला दूध पाजायचं का, कसं आणि बंद कधी करायचं

ड्रीम फीड म्हणजे आईबाबा स्वतः झोपायच्या आधी, साधारण रात्री दहा ते अकराच्या मधे, झोपलेल्या बाळाला पूर्ण जागं न करता दूध पाजणं. आता हे ऐकलं की घरातली मोठी माणसं पहिल्यांदा कपाळाला हात लावतात. मालवणला माझी मावसबहीण असते, तिच्या सासूबाईंनी सरळ सांगितलं, "निजलेल्या पोराक उठवू नको गो." आणि खरं सांगायचं तर त्यांचं पूर्ण चूक नाहीये, कारण यात बाळाला उठवायचं नसतंच, आणि उठलं तर सगळा डाव फसतो.

आधी हिशोब बघू. तिचा मुलगा तेव्हा अकरा आठवड्यांचा, फक्त अंगावर पिणारा. संध्याकाळी साडेसातला पिऊन झोपायचा तो थेट साडेबाराला उठायचा, मग साडेतीनला, मग सहाला. म्हणजे सलग पाच तास तो झोपत होता की! पण ही रात्रीतली सगळ्यात लांब झोप बाळं रात्रीच्या सुरुवातीलाच काढतात, कारण दिवसभर जागून साचलेला झोपेचा दाब तेव्हा सगळ्यात जास्त असतो, आणि ही स्वयंपाक, भांडी, मोठ्या मुलीचा अभ्यास उरकून पावणेअकराला आडवी व्हायची, त्यामुळे त्या पाच तासांतले सव्वातीन तास हिच्या काहीच कामाचे नव्हते. नवरा पहाटे चारला होडीवर जाणारा, त्यामुळे पहाटेच्या वेळी बाळाला घ्यायला तोही नाही.

तिने साडेदहाला ड्रीम फीड सुरू केलं तेव्हा बाळ अडीचला उठायला लागलं आणि मग पाचला. मोजा आता, पाजणं तीनदाच, आधीही तीनदा आणि नंतरही तीनदा, पण आईची पहिली सलग झोप पावणेदोन तासांवरून पावणेचार तासांवर गेली. एवढंच काम आहे ड्रीम फीडचं. बाळ जास्त झोपत नाही, भुकेची वेळ पुढे सरकते आणि त्याची लांब झोप आईच्या झोपेवर येऊन बसते.

यावर एक जुना अभ्यास आहे, 1993 साली अमेरिकेत टेरेसा पिनिला आणि लीन बर्च यांनी केलेला. अंगावर पिणारी 26 नवजात बाळं, त्यातल्या निम्म्यांच्या आईबाबांना सांगितलं की रोज रात्री दहा ते बाराच्या मधे एकदा पाजाच. आठ आठवड्यांची झाली तेव्हा त्या गटातली सगळी बाळं रात्री बारा ते पहाटे पाच न पिता झोपत होती, दुसऱ्या गटातली फक्त 23 टक्के. आणि चोवीस तासांतलं एकूण दूध दोन्ही गटांत सारखंच, पहिल्या गटातली बाळं सकाळी लवकरच्या फीडला जास्त पिऊन कसर भरून काढत होती. पण हे वाचून लगेच उड्या मारू नका, कारण त्या आईबाबांना अजून दोन गोष्टी सांगितल्या होत्या: मध्यरात्री बाळ उठलं की लगेच न पाजता आधी लंगोट बदलणं, फिरवणं असं करून मधलं अंतर हळूहळू वाढवायचं, आणि दिवस नि रात्र यातला उजेडाचा आवाजाचा फरक ठळक ठेवायचा. त्यामुळे श्रेय एकट्या ड्रीम फीडला देता येत नाही, आणि बाळंही थोडीच होती.

आता करायचं कसं. लहान बाळाची झोप साधारण 50 मिनिटांच्या फेऱ्यांत चालते, त्यात गाढ झोप असते आणि चुळबुळीची झोप असते. हात हळूच उचलून सोडला आणि तो ओल्या फडक्यासारखा पडला तर ती गाढ झोप, तेव्हा कितीही प्रयत्न करा तोंड उघडणार नाही, पंधरा मिनिटं थांबा. पापण्यांखाली बुबुळं हलताहेत, ओठ चोखल्यासारखे होताहेत, श्वास कमी-जास्त होतोय, ही तुमची वेळ. दिवा लावायचा नाही, बोलायचं नाही, शी झाली नसेल तर डायपरलाही हात नाही. मांडीवर डोकं उंच राहील असं घ्यायचं, स्तनाग्र किंवा निपल खालच्या ओठाला टेकवायचं, बाळ आपोआप वळून तोंड उघडतं, कारण शोधण्याची आणि चोखण्याची ही प्रतिक्रिया अर्धवट झोपेतही चालू असते. गिळल्याचा आवाज येत राहिला पाहिजे. चोखणं थांबलं की पाजणंही थांबलं, जबरदस्तीने बाटली हलवत बसायचं नाही. मग खांद्यावर उभं धरून ढेकर, आणि परत पाठीवर, सपाट अंथरुणावर. लगेच झोळीत नको, मान दुमडून हनुवटी छातीला टेकते आणि श्वासाला अडथळा होऊ शकतो.

एक गोष्ट मात्र नीट वाचा: झोपेतल्या बाळाला चमच्याने किंवा बोंडल्याने दूध घालायचं नाही, कधीच नाही. चोखताना किती दूध घ्यायचं ते बाळ ठरवतं, चमच्यातलं दूध आपण ओततो, आणि झोपेत ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. बाबा पाजणार असतील तर काढून ठेवलेलं दूध बाटलीतून द्या, पण आपल्याकडच्या उकाड्यात आणि लाईट जाण्याच्या भरवशावर ते दूध चार तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवू नका. आणि पेंगत असाल तर सोफ्यावर बसून पाजू नका, बाळ कुशीत अडकून गुदमरायची भीती तिथे सगळ्यात जास्त.

पहिल्या काही आठवड्यांत, जन्माचं वजन भरून येईपर्यंत, याचा विचारच नको, तेव्हा दर दोन-तीन तासांनी पाजायचंच असतं. बाळ वेळेआधी जन्मलेलं असेल किंवा पिऊन खूप ओकत असेल तर डॉक्टरना विचारून करा.

चाललं की नाही हे ओळखायची खूण एकच, पहिल्यांदा उठायची वेळ पुढे सरकली का. आठवडाभर करूनही बाळ साडेबारालाच उठत असेल तर ते भुकेने उठत नव्हतं, सोडून द्या. काही बाळं पूर्ण जागी होऊन तासभर खेळत बसतात, त्यांच्यासाठीही हा प्रकार नाही.

मावसबहिणीचं साडेतीन-चार महिने मस्त चाललं, मग बिघडलं. चौथ्या महिन्यापासून झोपेची रचनाच बदलत जाते, फेरी संपताना बाळ पटकन जागं होतं. उचलताना डोळे उघडायला लागले, डायपर बाराला तुडुंब, सकाळी सहाला प्यायला नको म्हणायचा. पोट रात्रीच भरतंय आणि सकाळची भूक मरतेय, ही बंद करायची खूण. ती नाही दिसली तरी सहा महिन्यांनंतर, पेज आणि नाचणीचं सत्त्व सुरू झालं की, बहुतेक निरोगी बाळांना याची गरज उरत नाही. (लांब झोपावं म्हणून सहा महिन्यांआधीच बाटलीत पेज घालू नका, सल्ले बरेच मिळतील.) दात आले की झोपेतल्या दुधाने किडायची भीतीही आहेच.

बंद करताना तिने दर दोन-तीन रात्रींनी पाजण्याचा वेळ दीड-दोन मिनिटांनी कमी केला, बाटली असती तर 20-30 मिली कमी केलं असतं. एकदम थांबवलं नाही, तिची छाती भरून दुखायला लागली असती. शेवटी दोन मिनिटांवर आलं तेव्हा उचलणंच सोडलं. त्यानंतर काही रात्री तो एकला उठला, तेव्हा तिने पाजलं, पण अकराच्या सुमारास कुरकुरला की नुसतं थोपटलं, कारण साडेसातला पोटभर प्यायलेल्या सहा महिन्यांच्या मुलाची अकराची कुरकुर बहुतेक सवयीचीच असते.