आपल्या अंदाजपत्रकातील दोन ओळी: पचनाचा खर्च आणि व्यायामेतर हालचाल

आमच्याकडे डबा सुरू करताना प्रत्येक ग्राहकाला दिवसभराच्या ऊर्जाखर्चाचे एक अंदाजपत्रक दिले जाते. त्यात चार ओळी असतात. स्वस्थ पडून असतानाही शरीर चालू ठेवण्यासाठी लागणारा मूलभूत खर्च, खाल्लेले अन्न पचवण्याचा व साठवण्याचा खर्च, ठरवून केलेला व्यायाम, आणि व्यायामाव्यतिरिक्त होणारी सगळी हालचाल. पहिल्या व तिसऱ्या ओळीबद्दल सहसा कोणी विचारत नाही. शंका येतात त्या उरलेल्या दोन ओळींबद्दल, आणि अंदाजही बहुधा तिथेच चुकतो. मोबाइलवरच्या गणकांत शेवटच्या ओळीला ‘नीट’ म्हणतात. प्रवेश परीक्षेशी तिचा अर्थातच काही संबंध नाही.

पचनाचा खर्च प्रत्येक अन्नघटकासाठी वेगळा असतो. प्रथिनांतून मिळणाऱ्या ऊर्जेपैकी साधारण २० ते ३० टक्के ऊर्जा त्यांच्या पचनात व पुढील प्रक्रियेत खर्च होते, पिष्टमय पदार्थांच्या बाबतीत हे प्रमाण ५ ते १० टक्के असते, तर तेल-तुपाच्या बाबतीत जेमतेम शून्य ते ३ टक्के. समजा, दिवसाच्या आहारात १७०० किलोकॅलरी आहेत आणि त्यांपैकी २०० प्रथिनांच्या, १००० पोळी-भात-पोह्यांच्या व ५०० स्निग्ध पदार्थांच्या आहेत. प्रथिनांना २५, पिष्टमय पदार्थांना ७.५ आणि स्निग्ध पदार्थांना २ टक्के असे दर धरल्यास पचनाचा खर्च अनुक्रमे ५०, ७५ आणि १०, म्हणजे एकूण १३५ किलोकॅलरी होतो. यावरूनच ‘खाण्याच्या सुमारे एक दशांश’ हा ढोबळ ठोकताळा रूढ झाला आहे.

डब्यातील पोळ्या कमी करून त्याच कॅलरींची प्रथिने वाढवली, तर ही ओळ किती फुगेल, असे अनेक जण विचारतात. १६० किलोकॅलरींची, म्हणजे ४० ग्रॅम प्रथिनांची अदलाबदल केली, तर पचनाचा खर्च सुमारे २८ किलोकॅलरींनी वाढतो. अर्ध्या फुलक्याच्याही आतला हा हिशेब आहे. प्रथिने वाढवण्याची कारणे दुसरी आहेत, पोट भरल्यासारखे वाटणे आणि स्नायू टिकणे ही त्यांपैकी मुख्य. त्याचप्रमाणे तेच अन्न दोन वेळांऐवजी सहा वेळा विभागून खाल्ल्याने हा खर्च वाढत नाही, कारण तो जेवणांच्या संख्येवर नव्हे, तर एकूण अन्नावर व त्यातील घटकांवर ठरतो. उलट खाणे ४०० किलोकॅलरींनी कमी केले, तर पचनाचा खर्चही त्याबरोबर तीस-चाळीसने उतरतो, आणि ही घट धरायची राहून जाते.

आणखी एक चूक दुहेरी मोजणीची आहे. बहुतेक गणक मूलभूत खर्चाला १.२, १.३७५ किंवा १.५५ अशा गुणकाने गुणतात. या गुणकांत पचनाचा खर्च आधीच धरलेला असतो. त्यामुळे उत्तर आल्यावर ‘वर दहा टक्के पचनाचे’ मिळवणे म्हणजे एकच बिल दोनदा लावणे होय.

व्यायामेतर हालचालीचे मात्र असे नाही. ही ओळ माणसागणिक शेकडो किलोकॅलरींनी बदलते. कणीक मळणे, जिने चढणे, ओट्यापाशी उभे राहणे, फोनवर बोलताना येरझारा घालणे, हे सर्व तिच्यात येते. अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १६ जणांना आठ आठवडे गरजेपेक्षा रोज १००० किलोकॅलरी जास्त खाऊ घातले होते. अंगावर चढलेली चरबी कोणाची ०.३६ किलो भरली, तर कोणाची ४.२३ किलो, आणि या फरकाचा मुख्य संबंध त्यांची व्यायामेतर हालचाल किती वाढली याच्याशी आढळला.

आता आमच्या एका ग्राहक भगिनींचा हिशेब पाहावा. वय ४६, उंची १५८ सेंटिमीटर, वजन ७० किलो. स्त्रियांसाठीच्या मिफ्लिन–सेंट जिऑर सूत्रानुसार वजनाची दहापट, अधिक उंचीची ६.२५ पट, वजा वयाची पाचपट, वजा १६१, असा त्यांचा मूलभूत खर्च सुमारे १३०० किलोकॅलरी येतो. रामबागेतील जुने दुमजली घर सोडून त्या विजयनगरकडे लिफ्ट असलेल्या फ्लॅटमध्ये राहायला आल्या, धुण्या-भांड्यांना व पोळ्यांना बाई लागली, आणि त्याच सुमारास त्यांनी रोज सकाळी ४० मिनिटे चालायला सुरुवात केली. ‘आता मी व्यायाम करते’ म्हणून त्यांनी अर्जावर ‘मध्यम सक्रिय’ या रकान्यात खूण केली, आम्हीही ती तशीच स्वीकारली, आणि १.५५ च्या गुणकाने पत्रकात सुमारे २०१० हा आकडा पडला. १७०० च्या आहारावर २८ दिवसांत १.१ किलोच्या आसपास वजन उतरायला हवे होते. प्रत्यक्षात उतरले २०० ग्रॅम.

एक किलो चरबीमागे ७७०० किलोकॅलरी धरल्यास २०० ग्रॅम म्हणजे १५४० किलोकॅलरी, रोजच्या ५५. याचा अर्थ त्यांचा खरा खर्च १७५५ च्या जवळ होता. तो असा फोडता येतो: मूलभूत १३००, पचन १३५, चालणे ११५, आणि उरलेल्या संपूर्ण दिवसाच्या हालचालीचे फक्त २०५. जुन्या घरी त्या रोज अंदाजे तीन तास अधिक उभ्याने कामात असत. बसण्याच्या तुलनेत अशा कामाला त्यांच्या वजनाच्या व्यक्तीला तासाला सुमारे ७० किलोकॅलरी जास्त लागतात, म्हणजे एकूण २१०. चालण्याने ११५ मिळाले आणि घर बदलल्याने २१० गेले. पायी फिरायला न जाणाऱ्या पूर्वीच्या दिवसांत त्यांचा खर्च आजच्यापेक्षा शंभरेकने जास्तच होता! फोनवरील पावलांच्या आकड्याने ही गोष्ट लक्षात आली नसती, कारण ओट्यापाशी उभे राहून केलेले काम पावलांत जवळजवळ दिसत नाही.

म्हणून आता आम्ही पहिले पत्रक तात्पुरते मानतो. ग्राहकांनी सलग पाच आठवडे रोज सकाळी, शौचानंतर व चहापूर्वी, त्याच काट्यावर वजन करून लिहून ठेवावे. पहिल्या व पाचव्या आठवड्याच्या सरासरींतील फरक २८ दिवसांचा धरावा. एकेका दिवसाच्या आकड्यावर जाऊ नये, कारण आदल्या रात्री सराफ्यात खाल्लेल्या खारट-चटपटीत पदार्थांनी अंगात साचणारे पाणीही काट्यावर किलोभर दिसू शकते. डब्याबाहेरचे खाणे, मग ती पोह्यांवरची मूठभर शेव का असेना, त्याच वहीत नोंदवावे. ते राहिले, तर खर्च आहे त्यापेक्षा कमी निघतो आणि दोष विनाकारण शरीराच्या मंदपणाला दिला जातो.

घर, नोकरी किंवा कामाची बाई बदलल्यास, गुडघ्याचे दुखणे सुरू झाल्यास, अथवा दुकानात उभे राहण्याऐवजी गल्ल्यावर बसणे सुरू झाल्यास कृपया डबा पोहोचवणाऱ्याजवळ चिठ्ठी द्यावी. वजन काहीही असले, तरी अशा वेळी चौथी ओळ नव्याने काढली जाते आणि त्यासाठी वेगळे शुल्क घेतले जात नाही.